पूर्वेची लाइन

सुंदरराव कुणावरही एकदम संशय घेत नसत. आधी ते त्या माणसाची चौकशी करत, मग त्याच्या शेजाऱ्याची, आणि सगळं ठीकठाक आहे असं कळलं की त्यांना खरी काळजी लागे. सगळंच ठीक कसं असेल? कुठेतरी पाणी मुरतंय खास.

कुंभकोणच्या मोठ्या पेठेत, जिथे घाऊक व्यापाऱ्यांच्या गाद्या आणि हातगाड्या एकमेकांना वाट देत नाहीत, तिथे त्यांची एजन्सी होती. करूरच्या एका कंपनीचा ‘चेंदामरै’ शिकेकाई साबण. टूथपेस्टवाल्या बड्या कंपन्यांपुढे हा साबण म्हणजे गावातला पैलवान, पण कावेरीच्या काठच्या बायका केसांना दुसरं काही लावायला तयार नव्हत्या. कंपनी सुंदररावांना माल देई, सुंदरराव दुकानदारांना. मधले सहा टक्के त्यांचे. त्यातून गोदामाचं भाडं, हातगाडी, विक्रेत्याचा पगार आणि बुडीत उधारी वजा जाऊन जे उरे त्यावर मेलकावेरीतलं घर चाले.

घरी मराठी. तीही तंजावरी, म्हणजे भोसल्यांच्या राज्याबरोबर इथे आली आणि परत जायचं विसरली अशी. पूर्वी पेठेत या घराचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. सुंदररावांचे आजोबा आणि त्यांचे तीन भाऊ, चौघांची त्यात पाती होती. भाऊ भांडले, दुकान मोडलं, आणि त्याबरोबर तो शब्दही घरातून गेला. सुंदररावांनी तो लहानपणी ऐकला असेल तेवढाच. पुढे सरकारी कागदांनी ‘पार्टनर’ आणला, वकिलांनी ‘शेअर’ आणला, बाजारात तमिळ ‘पंगु’ होताच. दुकान कसं मोडलं ते मात्र सुंदररावांनी नीट लक्षात ठेवलं होतं. म्हणून एजन्सी घेताना त्यांनी कुणालाही भागीदार घेतलं नाही. सख्ख्या मेहुण्यालासुद्धा.

त्यांची एक खोड सगळ्या पेठेला माहीत होती, फक्त ती कुणाला माहीत नाही असं त्यांना वाटे. माल बाहेर पाठवताना ते प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ठिपके काढत. दारासुरमला जाणाऱ्याला एक, पेठेतल्याला दोन, तिरुविडैमरुदूरला जाणाऱ्याला तीन. माल जिथे दिला तिथेच विकला जातो की फिरून दुसऱ्याच्या गल्लीत शिरतो, ते यावरून कळे. आपल्या हद्दीत दुसऱ्याने स्वस्तात माल ओतला की आपले दुकानदार तोंड फिरवतात, हे कुठलाही एजंट सांगेल. पण कुठलाही एजंट भावाच्या खोक्यावर ठिपके काढत नाही. सुंदरराव काढत.

भाऊ म्हणजे मावसभाऊ पद्मनाभ. तिरुविडैमरुदूरला राहायचा, पूर्वेला बसने अर्ध्या तासावर. तिथल्या देवळाजवळच्या रस्त्यावर त्याचं छोटंसं दुकान होतं, आणि सासऱ्याकडून आलेला भाताच्या गिरणीतला एक हिस्सा. सुंदररावांचा तो पोटएजंट. पूर्वेची लाइन, म्हणजे तिरुविडैमरुदूर आणि त्याच्या पुढची गावं, सगळी त्याच्याकडे. सहातले तीन टक्के सुंदरराव त्याला सोडत, आणि तो तिकडच्या दुकानांची उधारी स्वतःच्या अंगावर घेई. धंद्याच्या दृष्टीने ही चांगली सोय होती. जवळजवळ निम्मी विक्री पूर्वेकडून येई आणि सुंदररावांना तिकडे पाय ठेवावा लागत नसे.

“पद्मनाभ गोड बोलतो,” ते बायकोला म्हणत. “इतकं गोड का म्हणून बोलतो?”

“तुमचा भाऊ आहे की,” तुळसीबाई म्हणत.

“तेच तर.”

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात कंपनीचे नवे विक्री व्यवस्थापक गुरुमूर्ति कुंभकोणला आले. चष्मा, पांढरा शर्ट, आणि बोलताना हवेत रेघा ओढायची सवय. पेठेतल्या लॉजच्या खोलीत त्यांनी सुंदररावांना बसवून घेतलं आणि पुढच्या वर्षाची योजना सांगितली. नकाशावर कुंभकोणच्या भोवती निळी रेघ होती.

“सार, आजवर आम्ही तुम्हाला तीस दिवसांची उधारी दिली,” गुरुमूर्ति म्हणाले. “तुम्ही त्या पैशावर दुकानदारांना उधारी दिली. म्हणजे धंदा तुमचा, पैसा आमचा. एक फेब्रुवारीपासून हे बंद. आधी बँकेचा ड्राफ्ट, मग माल.”

सुंदररावांनी मान हलवली. ऐकतोय एवढंच दाखवायला.

“त्याबद्दल एक टक्का जास्त. सहाचे सात. शिवाय अनामत ठेवावी लागेल. दुसरं, पोटएजंट नको. मधल्या माणसाला तीन टक्के पुरत नाहीत, मग तो आमच्या योजनेतला फुकटचा माल घाऊकवाल्याला स्वस्तात विकून मोकळा होतो, आणि शेजारच्या एजंटचा भाव पडतो. प्रत्येक हद्दीत एकच वितरक. त्याने आपल्या माणसांकरवी प्रत्येक दुकानाला आठवड्यातून एकदा जायचं. हद्दीबाहेर माल सापडला की पुरवठा बंद. त्यात मग कुणाची ओळखपाळख नाही.”

“आणि ही निळी रेघ?”

“ही तुमची सगळी हद्द. पूर्वेच्या लाइनीसकट. पण ती सांभाळायची तर दोन आठवड्यांचा माल गोदामात आणि दोन आठवड्यांची उधारी बाजारात, एवढं भांडवल तुमचं स्वतःचं हवं. मी हिशेब करून पाहिला. तुमच्याकडे साधारण निम्म्याचं दिसतं.” गुरुमूर्तींनी रेघेच्या मधोमध बोटाने दुसरी रेघ ओढली. “जानेवारीअखेर बाकीचं उभं केलंत तर सगळं तुमचं. नाहीतर पूर्वेची लाइन वेगळी काढू. तिकडे कुणीतरी नवा शोधू.”

त्यांनी बोटाने ओढलेली रेघ नकाशावर उमटली नव्हती, पण सुंदररावांना ती लॉजच्या जिन्यावरून उतरतानाही दिसत होती. पूर्व गेली की विक्री निम्मी. गोदामाचं भाडं, हातगाडी, विक्रेता नटराजचा पगार मात्र सगळे तेवढेच. सात टक्के निम्म्यावर म्हणजे पूर्वीच्या कमाईपेक्षा किती कमी, ते कळायला कागद लागत नव्हता. एजन्सी नावाला उरेल. आणि या पेठेत नावाला उरलेल्या माणसाला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती दुसऱ्याच गोष्टीवरून. ‘तिकडे कुणीतरी.’ तिकडे साबणाचा धंदा ओळखणारा कोण होता? एकच.

पुढच्या मंगळवारी नटराज पूर्वेची फेरी करून आला. नटराज सरळ माणूस होता. पेठेत वाढलेला, तमिळशिवाय दुसरी भाषा न येणारा, आणि पाहिलेलं जसंच्या तसं सांगणारा. सुंदररावांच्या हाताखाली ही शेवटची गोष्ट फार उपयोगी होती.

“मोदलाळी, मॅनेजरची गाडी तिरुविडैमरुदूरला आली होती,” तो मालकाला म्हणाला. “पद्मनाभसारांच्या दुकानासमोर.”

“मग?”

“कॉफी घेतली, गेले. मग पद्मनाभसार बाईंशी तुमच्या भाषेत बोलत होते. मी खोकी उतरवत होतो.”

इथे सांगायला हवं की या लोकांना एक खात्री असते. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि चारचौघांत काही खासगी बोलायचं झालं की तीच मराठी. समोरच्याला कळत नाही म्हणून बिनधास्त. भाजीवाल्यासमोर त्याच्या वांग्यांची निंदा आणि पाहुण्यासमोर त्याच्या पोटाची चर्चा या भाषेत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

“काय बोलले?” सुंदररावांनी विचारलं.

“मला कुठलं कळतं, मोदलाळी? ‘अण्णा’ म्हणाले, म्हणजे तुम्हाला. ‘कंपनी’ म्हणाले. आणि ‘पादी’ म्हणाले. दोनदा. बाईपण म्हणाल्या, ‘पादी’. तेवढं आपलंच की.”

पादी म्हणजे तमिळमध्ये अर्धं. सुंदररावांनी नटराजला जायला सांगितलं आणि ते गल्ल्यामागे जाऊन बसले. अण्णा, कंपनी, अर्धं. वाक्य पूर्ण करायला फार अक्कल लागत नव्हती. अण्णाकडून काढून अर्धी हद्द कंपनीने मला द्यावी. तीनचे सात टक्के. गोड बोलण्याचा अर्थ आज लागला म्हणायचा.

“‘अर्धं’ म्हणायचं सोडून तो बायकोशी ‘पादी’ का म्हणून बोलेल?” संध्याकाळी तुळसीबाईंनी विचारलं.

“आपण नाही बोलत? निम्मी भाषा तमिळच झाली आहे आपली. आता तूच वकिली कर त्याची.”

“मी वकिली कोठे केली? मज तो तसा वाटत नाही, एवढंच.”

“माणसं तशी वाटत नाहीत म्हणूनच तर घात होतो,” सुंदरराव म्हणाले आणि ताटावरून उठले.

मग सगळं जुळतच गेलं. संशयाचं असंच असतं, त्याला खायला कमी पडत नाही. आठवड्याभरात बातमी आली की पद्मनाभने गिरणीतला हिस्सा विकायला काढला आहे. नुसता काढला नाही, विकलाही. सासऱ्याने दिलेली, वर्षाचा तांदूळ घरी आणणारी गोष्ट कुणी उगाच विकतं का? अनामत भरायची असेल तरच विकणार. आणि त्यानंतर दारासुरमच्या एका दुकानदाराने तोंड वर करून सांगितलं, “तुमचा भाव जास्त आहे, राव. मला इथेच घाऊकवाल्याकडे डझनामागे दोन रुपये कमी पडतात.”

सुंदरराव स्वतः त्या घाऊकवाल्याकडे गेले. रेशमाच्या मागांची खटखट ऐकू येणाऱ्या त्या गल्लीत त्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक असल्यासारखं एक खोकं त्यांनी उघडायला लावलं आणि झाकण उलटं केलं.

तीन ठिपके.

पश्चिमेच्या दारासुरमला पूर्वेचा माल. कुंभकोण मध्ये ठेवून, सुंदररावांच्या नाकासमोरून टाऊन बसच्या टपावरून गेलेला. बारा खोक्यांवर एक फुकट अशी कंपनीची पोंगलची योजना होती. फुकटचं खोकं धरून भाव पाडला तरी पद्मनाभला तोटा नव्हता, नफा तेवढा बुडत होता. रोख पैशाची निकड असलेला माणूस हेच करतो, आणि गुरुमूर्तींनी लॉजच्या खोलीत हेच सांगितलं होतं. सुंदररावांना राग आला, आणि रागापेक्षा मोठं असं एक समाधानही वाटलं. इतकी वर्षं काढलेले ठिपके वाया गेले नव्हते.

त्यांनी ते खोकं विकत घेतलं.

“एकदा त्याला विचारा तरी,” तुळसीबाई म्हणाल्या. “समोर बसवून विचारा. मावशीचा लेक आहे.”

“विचारू? म्हणजे सावध करू त्याला?”

“सावध झाला तर होऊ दे. खरं तर कळेल.”

“खरं हे बघ,” म्हणून त्यांनी झाकण दाखवलं. तुळसीबाईंनी ठिपक्यांकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. त्यांना हे ठिपके आजवर माहीत नव्हते. त्या दिवसापासून घरातले डबे उघडताना त्या झाकणाची आतली बाजू बघू लागल्या, हे सुंदररावांच्या ध्यानात आलं नाही.

धनुर्मास चालू होता. तमिळांचा मार्गळी. पहाटे दारोदार रांगोळ्या आणि देवळात गोड पोंगल, पण या महिन्यात कुणी लग्न ठरवत नाही, घर बांधत नाही, नव्या धंद्याचं तोंडानेही बोलत नाही. सगळी शुभ कामं तै महिन्याच्या पहिल्या दिवसावर टाकलेली असतात. चुगलीला मात्र मुहूर्त लागत नाही. सुंदररावांनी खोक्याचं झाकण कापून पिशवीत घातलं आणि तिरुचिरापल्लीच्या गाडीत बसले. तिथे कंपनीचा डेपो होता आणि गुरुमूर्ति आठवड्याचे दोन दिवस तिथे बसत.

गुरुमूर्तींनी झाकण उजेडात धरलं. “ठिपके तुम्हीच काढता?”

“हो.”

“भाऊ ना तो तुमचा?”

“मावसभाऊ.”

गुरुमूर्तींनी झाकण टेबलावर ठेवलं. “मी त्याला भेटलो होतो,” ते म्हणाले. “मी म्हटलं, पूर्वेची लाइन तू घे, ओळखीचा आहेस. तो म्हणाला, तैपर्यंत थांबा, मग सांगतो. मी नाव घातलं होतं यादीत.” त्यांनी पेन उघडलं. “आता काढावं लागेल. हद्दीबाहेर विक्री म्हणजे पुरवठा बंद. नियम मीच केलाय.”

तैपर्यंत थांबा! सुंदररावांना वाटलं, चोरीलासुद्धा मुहूर्त बघतो आहे लबाड. ते परतीच्या गाडीत हलक्या मनाने बसले. आता तिकडे कुणीच उरला नव्हता. भांडवल कुठून उभं करायचं याचा विचार त्यांनी त्या दिवशी मुद्दाम केला नाही.

तैच्या पहिल्या दिवशी, पोंगलला, सकाळी दाराशी पद्मनाभचा आवाज आला. सुंदरराव माडीवर होते. त्यांनी खिडकीतून पाहिलं. पद्मनाभ नवं धोतर नेसून उभा होता आणि शेजारी त्याची बायको वेंकटलक्ष्मी, रेशमी लुगड्यात. तिच्या हातात तबक होतं. विडे, नारळ, केळी, आणि त्यावर हळदीच्या पिवळ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी.

कळलं वाटतं याला, सुंदररावांच्या मनात आलं. पाय धरायला आला आहे. ते मागच्या जिन्याने उतरले, परसातून बाहेर पडले आणि कावेरीच्या घाटावर जाऊन बसले. नदीला पाणी होतं. पोरं उसाची कांडी चोखत पायऱ्यांवर बसली होती. बसून बसून कंटाळा आला तेव्हाच ते घरी परतले.

“गेला?”

“गेला,” तुळसीबाई म्हणाल्या. “फार वेळ बसला होता. अण्णांशीच बोलायचं आहे म्हणट्ला, पुन्हा येतो म्हणट्ला. वेंकटलक्ष्मी तर इतकी हसत होती. तबक ठेवून जा म्हणट्लं तर नको म्हणाली, अण्णांच्याच हातात द्यायचं आहे.”

“द्यायचं असेल. लाच हातातच द्यायची असते.”

पद्मनाभ पुन्हा आला नाही. कंपनीचं पत्र त्याला त्याच आठवड्यात मिळालं आणि ते कशावरून आलं हेही गुरुमूर्तींच्या माणसाकडून कळलं. तीन ठिपक्यांवरून. तो भांडायला आला नाही, त्याने निरोपही पाठवला नाही. सुंदररावांना हाही पुरावाच वाटला. निर्दोष माणूस गप्प बसतो होय?

जानेवारी संपला. सुंदररावांनी बायकोच्या बांगड्या गहाण टाकल्या, सोसायटीचं कर्ज काढलं, आणि तरी गुरुमूर्तींनी सांगितलेल्या आकड्याच्या पुष्कळ अलीकडेच राहिले. पूर्वेची लाइन मायवरमच्या एका परक्या पार्टीकडे गेली. तिच्याकडे टेम्पो होता. सुंदररावांकडे शहर राहिलं, दारासुरम राहिलं, म्हणजे बरोबर अर्धी हद्द. मायवरमवाला पहिल्या वर्षापासूनच फुकटचं खोकं धरून कुंभकोणच्या पेठेत माल ओतू लागला, आणि त्याच्या खोक्यांवर कुठलेही ठिपके नसत. सुंदरराव तक्रार करत राहिले. गुरुमूर्तींची बदली झाली होती.

असं सहा-सात वर्षं चाललं. नटराजने दुसरीकडे नोकरी धरली. हातगाडी विकली. सुंदरराव दुकानाच्या अर्ध्या भागात बसू लागले आणि उरलेला अर्धा त्यांनी काचेच्या बांगड्यांवाल्याला भाड्याने दिला. पेठेतले लोक त्यांना चहा विचारत, पण बसा म्हणत नसत.

चौऱ्याण्णव साली पद्मनाभच्या मुलीचं लग्न ठरलं. निमंत्रण आलं ते सरस्वतीमावशीच्या नावाने, पद्मनाभच्या आईच्या. तुळसीबाई म्हणाल्या, मी जाणार, तुम्ही काय ते ठरवा. सुंदरराव गेले. मावशी बोलावते आहे, आणि तो एकदा तोंड कसं दाखवतो ते तरी बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

पद्मनाभने दारातच “या अण्णा” म्हटलं, वाकून नमस्कार केला, पाट मांडला. दुकान कधीच गेलं होतं. तो आता दुसऱ्याच्या गिरणीत वजनं लिहीत असे. केस पांढरे झाले होते. सुंदररावांना जो चेहरा बघायचा होता तो काही दिसला नाही, म्हणून ते अस्वस्थ झाले.

मावशी आतल्या खोलीत होती. ऐंशी उलटलेली, तोंडात एकही दात नाही, दिसायला कमी, पण आवाज ओळखून तिने सुंदररावांना जवळ ओढलं आणि त्यांच्या गालावरून हात फिरवला.

“सुंदरा, किती दिवसांनी रे,” ती म्हणाली. “सगळं बरं आहे ना? तुझ्या दुकानांतली पादी कशी चालते?”

सुंदररावांचा चेहरा लाल झाला. घरात लग्न, आणि म्हातारीच्या तोंडून टोमणा! अर्ध्या हद्दीची गोष्ट तिलाही पढवून ठेवली होती तर.

“अर्धं चाललंय,” ते कोरडेपणाने म्हणाले. “अर्ध्याचं काय विचारतेस, मावशी?”

“अर्धं कोण विचारतंय?” मावशी वैतागली. “पादी रे. पादी. माझ्या पद्मनाभाची.” बोळक्या तोंडाने तिने तो शब्द पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला, नसलेल्या दातांना जीभ लावू पाहिली, आणि या खेपेला तो जरा कडक आला. “पाती. तुझ्या आजाची होती की पितळेच्या दुकानांत. चौघा भावांची. मोडली म्हणून मोठ्या अक्काने, तुझ्या आईने, केवढा आकांत केला. पुढे पद्मनाभ मज विचारायला आला. म्हणट्ला, अम्मा, गिरणी विकतो, माल आहे तो विकतो, आणि अण्णांच्या दुकानांत पाती घालतो. नाहीतर कंपनी अण्णांची अर्धी जागा नेईल. मी म्हणट्ले, घाल. भावांत पाती असावी. पण धनुर्मास संपू दे, त्याआधी तोंडांतून काढू नकोस.”

बाहेर सनई वाजत होती. सुंदररावांना वाटलं आपण उभे आहोत, पण ते बसलेले होते.

“दर पोंगलला मज लुगडं आणतो,” मावशी सांगत राहिली. “म्हणतो, अम्मा, पातीचं आहे, अण्णांनी दिलं. तू फार देतोस त्याला, सुंदरा. असं करू नये. अस्के, सगळं, भावाला वाटून टाकलंस तर तुज काय राहील?”

दारात पद्मनाभ कॉफीचा पेला घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो घाईने आत आला, पेला सुंदररावांच्या हातात दिला आणि आईच्या आडून हळूच मान हलवली. सांगू नका, एवढंच तो मागत होता.

नटराजचा सरळ चेहरा सुंदररावांना आठवला. बिचाऱ्याच्या तमिळ कानाला ‘पाती’ची ‘पादी’च ऐकू आली होती, आणि ऐकलं ते त्याने जसंच्या तसं सांगितलं होतं. आणि पोंगलच्या तबकातलं पिवळं फडकं आठवलं. लग्नघरात सगळ्यांसमोर रडू येईल अशी त्यांना भीती वाटली, म्हणून त्यांनी कॉफीचा घोट घेतला. ती फार गरम होती.

“सांग ना,” मावशी म्हणाली. “बरी चालते ना?”

“चालते, मावशी,” सुंदरराव म्हणाले. “पाती बरी चालते.”

“मग झालं,” ती म्हणाली, आणि पद्मनाभला हाक मारून म्हणाली, अण्णाला पंगतीत तुझ्या शेजारी बसव.